डेटा इंटर्नशिपसाठी सरांच्या शिफारसपत्रात काय असावं?

प्रश्न: डीबीएमएसचे सर शिफारसपत्र देतायत, पण ‘मुद्दे तूच लिहून आण’ म्हणाले. काय लिहू? (थर्ड इयर, कोल्हापूर)

उत्तर: सरांनी लॅबमध्ये स्वतः पाहिलेलं तुझं एकच काम नीट उलगडून दे, ‘मेहनती, होतकरू’ गाळ, ते सगळ्यांच्याच पत्रात असतं. मी इथेच डेटाबेस शिकवतो, त्यामुळे अशी पत्रं लिहावी लागतात. एका विद्यार्थिनीचा मिनी प्रोजेक्ट गुळाच्या अडतीचा होता. पावत्यांना पेमेंटचं टेबल `JOIN` केल्यावर एकूण विक्री वहीतल्या बेरजेपेक्षा जास्त दिसू लागली. दोन हप्त्यांत पैसे मिळालेली पावती दोनदा मोजली जात होती. `DISTINCT` लावून तिने वेळ मारून नेली नाही (बहुतेक पोरं तेच करतात, आणि मग सारख्याच रकमेच्या दोन खऱ्या पावत्यांतली एक गायब होते). आधी पेमेंटची पावतीनिहाय बेरीज केली, मग टेबलं जोडली आणि आकडा वहीशी ताडून पाहिला. पत्रात मी एवढंच लिहिलं. डेटाच्या कामाला माणूस आकडा तपासतो का, हे त्यातून कळतं. मात्र सरांनी तुला फक्त लेक्चरला पाहिलं असेल, तर पत्र प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडम किंवा प्रोजेक्ट गाईडकडून घे.