व्हायरल लोड ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आला, तर गोळी दिवसाआड घेऊ का?

प्रश्न: मला २०२१ पासून एचआयव्हीची रोज एक गोळी चालू आहे. यंदाच्या व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ लिहून आलंय. म्हणजे विषाणू संपला ना? मग गोळी दिवसाआड घेतली तर चालेल का? बायको निगेटिव्ह आहे.

उत्तर: विषाणू संपलेला नाही, त्यामुळे गोळी रोजच घ्यायची. पण रिपोर्ट खरोखर उत्तम आहे. मी एआरटी केंद्रात समुपदेशक आहे. असा रिपोर्ट हातात पडला की बरेच जण हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही तपासणी एक मिलीलिटर रक्तात विषाणूच्या किती प्रती फिरताहेत ते मोजते. प्रती फारच कमी असल्या, म्हणजे यंत्राप्रमाणे साधारण २० ते ५०च्या खाली, तर त्या नीट मोजता येत नाहीत. शिवाय रक्ताबाहेरचं तिला दिसत नाही. आतड्यात आणि लसिका गाठींमध्ये काही सीडी४ पेशी अशा असतात की विषाणूने आपली प्रत त्यांच्या जनुकांमध्येच घुसवून ठेवलेली असते आणि त्या पेशी निद्रिस्त असतात. गोळी विषाणूची वाढ थांबवते, या झोपलेल्या पेशींपर्यंत तिचं काही चालत नाही. त्यातल्या काही पेशी अधूनमधून जाग्या होऊन विषाणू सोडतातच. तो पुढच्या पेशीत पाय रोवू शकत नाही, कारण तिथे औषध हजर असतं. गोळ्या पूर्ण बंद केल्या तर बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच तो पुन्हा मोजण्याइतका वाढतो.

आता दिवसाआडचं. सरकारी केंद्रावरून मिळणारी रोजची एक गोळी बहुधा टीएलडी असते: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर. यातलं डोल्युटेग्रॅव्हिर रक्तात सुमारे १४ तासांत निम्मं होतं. समजा, तुम्ही सोमवारी रात्री नऊला गोळी घेतली. मंगळवारी रात्री नऊला त्याचा साधारण ३० टक्के भाग उरतो आणि तेवढ्यात पुढची गोळी पोटात जाते. मंगळवारची टाळली तर बुधवारी रात्री १० टक्केही उरत नाही. टेनोफोव्हिर मात्र पेशींच्या आत कित्येक दिवस टिकतं. म्हणजे तिन्ही औषधं एकाच वेळी संपत नाहीत. असे खंड वारंवार पडले, तर विषाणू वाढत असताना त्याच्यासमोर एखाददुसरंच औषध उरतं आणि त्याला दाद न देणारे विषाणू मागे राहून वाढतात. लॅमिव्हुडिनच्या बाबतीत तर विषाणूतला एकच बदल त्याला पुरतो. डोल्युटेग्रॅव्हिर त्या मानाने चिवट आहे, एखादी गोळी चुकल्याने लगेच काही बिघडत नाही. चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल तर ती सोडून द्या, पण दोन एकदम घेऊ नका.

गोळी रोज घेऊनही औषध कमी पडतं, असंही होतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या आणि अॅसिडिटीची काही औषधं डोल्युटेग्रॅव्हिरला आतड्यातच बांधून ठेवतात. म्हणून एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर केंद्राला लगेच कळवा, कारण तेव्हा डोल्युटेग्रॅव्हिरचा जादा डोस द्यावा लागतो.

बायकोबद्दल. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एचपीटीएन ०५२ नावाचा अभ्यास झाला, त्यात आपल्या पुण्यातलीही जोडपी होती. उपचार घेणाऱ्याचा व्हायरल लोड स्थिरपणे दबलेला असताना त्याच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकदाही आढळलं नाही. उपचार सुरू झाल्यावरही ज्या आठ जोडप्यांत लागण झाली, त्यातल्या चार वेळा उपचार नुकतेच सुरू होत होते आणि चार वेळा ते निष्फळ ठरून विषाणू वर आला होता. तेव्हा तुमचा लोड असाच राहिला तर लैंगिक संबंधांतून तिला एचआयव्ही होणार नाही. हे मी पूर्ण खात्रीने सांगते आणि हे तिलाही केंद्रात बसून ऐकू द्या. इतर गुप्तरोगांपासून मात्र यामुळे संरक्षण मिळत नाही.

रिपोर्ट रक्त घेतलं त्या दिवसाचा असतो, आणि सगळं सुरळीत असेल तर पुढची तपासणी वर्षाने होते. मधल्या काळात दिवसाआड सुरू केलंत तर लोड वर आलेला तुम्हाला जाणवणार नाही, कारण ताप नाही, वजन घटत नाही. म्हणून बरेच दिवस खंड पडला असेल तर ते लपवू नका. केंद्रात सांगा आणि लोड पुन्हा तपासून होईपर्यंत कंडोम वापरा. एखादा रिपोर्ट ५० ते २०० दरम्यान आला आणि पुढचा पुन्हा खाली गेला, तर घाबरायचं कारण नाही. १,००० किंवा जास्त आला तर आम्ही काही महिने गोळ्यांबद्दल नीट बसून बोलतो, लोड पुन्हा तपासतो, आणि तरीही तो वरच राहिला तरच औषधं बदलण्याचा विचार होतो.

दिवसाआड घ्यावंसं का वाटतंय, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. झोप लागत नसेल तर गोळी सकाळी घेता येते. केंद्रावर येण्यासाठी रजा मिळत नसेल, तर लोड दबलेल्या रुग्णांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय असते. घरात डबी कुणाला दिसेल अशी भीती असेल तर तेही बोला, त्यावरही काहीतरी मार्ग काढता येतो.