एपीएआरमध्ये ५.६ गुण : अभिवेदनात काय लिहावे, काय गाळावे

प्रश्न : मी पुण्यातल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. गेली तीन वर्षे एपीएआरमध्ये, म्हणजे वार्षिक कामगिरी अहवालात, गुण ७.४ च्या खाली आले नव्हते. यंदा ५.६ आहे. शेरा आहे, 'प्रकरणे वेळेत निकाली काढत नाहीत, सहकार्याची वृत्ती नाही.' आधीचे साहेब ऑक्टोबरअखेर बदलून गेले, नव्या साहेबांनी पूर्ण वर्षाचा अहवाल एकट्यानेच लिहिला. माझ्याकडे वर्षात ४१२ प्रकरणे आली, ३८९ निकाली निघाली. पुढच्या वर्षी २० वर्षांच्या सेवेवर पुढची वेतनपातळी देणारी एमएसीपी आहे. प्रत सोमवारी हाती पडली. नव्या साहेबांचा माझ्यावर राग आहे, तेही लिहू का?

उत्तर : सोमवारची तारीख आधी कागदावर टिपून ठेवा. कार्मिक विभागाच्या १४ मे २००९ च्या आदेशानुसार प्रत मिळाल्यापासून १५ दिवसांत अभिवेदन द्यावे लागते, नाहीतर अहवाल अंतिम समजला जातो. काही कागद अजून हाती नसतील तरी थांबू नका. माहितीच्या अधिकारात उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणजे तोवर तुमची मुदत उलटून जाईल. आहे तेवढ्यावर अभिवेदन द्या आणि शेवटी 'उर्वरित कागदपत्रे मिळताच सादर करण्याची मुभा असावी' एवढे लिहा. अभिवेदन कोणाकडे करायचे ते प्रतीसोबतच्या पत्रात पाहा. ते कार्यालयामार्फतच पाठवा, आणि स्वतःच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

५.६ म्हणजे 'चांगला', आणि 'चांगला' हा वाईट शेरा नाही, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. ४ ते ६ च्या आतले गुण 'चांगला', ६ ते ८ च्या आतले 'अति चांगला', आणि २५ जुलै २०१६ पासून एमएसीपीला 'अति चांगला' लागतो. देव दत्त प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले : निकष 'अति चांगला' असताना 'चांगला' हा परिणामाने प्रतिकूलच. अभिवेदनात हा मुद्दा दोन ओळींत मांडा, त्याहून लांबवू नका.

तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा कालावधीचा आहे, आणि तो रागाच्या भरात मागे पडेल अशी मला भीती वाटते. वर्षाच्या मध्ये अधिकारी बदलले आणि दोघांनीही किमान तीन महिने तुमचे काम पाहिले असेल, तर प्रत्येकाने आपापल्या कालावधीचा स्वतंत्र अहवाल लिहायचा असतो. नव्या साहेबांनी पाच महिने पाहिले आणि बारा महिन्यांवर गुण दिले. पहिला परिच्छेद असा लिहा : 'दि. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या सात महिन्यांत माझे काम तत्कालीन प्रतिवेदन अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली झाले. त्या कालावधीचा त्यांचा अहवाल माझ्या एपीएआरमध्ये दिसत नाही.' सोबत त्यांच्या बदलीच्या आणि नव्या साहेबांच्या रुजू होण्याच्या आदेशाची प्रत जोडा.

मग शेरा. निकाली न निघालेली २३ प्रकरणे एकेक करून तपासा. आवक नोंदवहीतली तारीख, फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती, तुमच्याकडून पुढे कधी गेली, हे एका तक्त्यात मांडा. समजा त्यांतली १७ विधी शाखेच्या अभिप्रायासाठी अडकली आहेत, तर प्रत्येकासमोर पाठवल्याची तारीख आणि जावक क्रमांक द्या. उरलेली ६ तुमच्याच टेबलावर असतील तर तसे प्रांजळपणे लिहा आणि कारण सांगा. ती लपवली आणि वरच्या अधिकाऱ्याने फाइल मागवली, तर बाकीच्या १७ वरचाही विश्वास जाईल. 'सहकार्य नाही' या शेऱ्याला स्वतःच्या स्तुतीने उत्तर देऊ नका. वर्षभरात त्याबाबत लेखी समज किंवा ज्ञापन मिळाले नसेल, तर तेवढेच नमूद करा. शेऱ्यात प्रसंग नाही, तारीख नाही, हेही दाखवून द्या.

साहेबांचा राग लिहू नका. वैयक्तिक आकसाचा आरोप सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो, आणि पुढे न्यायाधिकरणात गेलात तर त्यांना नावानिशी पक्षकार करावे लागते. अभिवेदनावर त्यांचाही अभिप्राय मागवला जाईल. तारखांना तारखांनीच उत्तर द्यावे लागते, आरोपाला मात्र नुसता नकार पुरतो. 'मा. प्रतिवेदन अधिकाऱ्यांच्या निदर्शनास पुढील बाबी आल्या नसाव्यात' ही भाषा पुरेशी आहे, आणि तिच्यामुळे वरिष्ठांना त्यांचा मान राखून गुण बदलता येतात.

मागणी मोघम नको. 'न्याय मिळावा' म्हटल्याने काहीच ठरत नाही. पहिल्या सात महिन्यांचा अहवाल तत्कालीन अधिकाऱ्यांकडून घ्यावा, दोन्ही शेरे वगळावेत, आणि कार्यनिष्पत्तीचे गुण तक्त्याच्या आधारे सुधारावेत, अशा तीनच मागण्या करा. एकूण गुणांत कार्यनिष्पत्तीचा वाटा ४० टक्के असतो, म्हणून तिथला बदल ५.६ ला ६ च्या वर नेऊ शकतो. सगळे दोन पानांत बसवा, तक्ता वेगळा जोडा.

अभिवेदन मिळाल्यापासून ३० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. तो कारणांसह हवा. 'विचार केला, बदल नाही' एवढेच उत्तर आले तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. न्यायाधिकरण सहसा स्वतः गुण देत नाही, प्रक्रिया चुकली असेल तर प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवते. तिथली मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष आहे. उत्तरच आले नाही तर अभिवेदनापासून सहा महिने धरा आणि त्यानंतर एक वर्ष.