रिव्ह्यू मीटिंगच्या रेकॉर्डिंगवरून विभागवार तूट आणि कारणे

प्रश्न: साहेबांनी विभागवार सेल्स रिव्ह्यूचे दोन तासांचे रेकॉर्डिंग दिले आहे. प्रत्येक विभागाचे टार्गेट, तूट आणि मॅनेजरने सांगितलेली कारणे एका पानात हवी आहेत. कसे करू?

उत्तर: मी एका एफएमसीजी कंपनीत सेल्सचे एमआयएस बघतो, हे काम दर महिन्याला करतो. रेकॉर्डिंग ऐकायच्या आधी महिन्याची टार्गेट शीट आणि बिलिंगचा रिपोर्ट समोर घ्या. ऐकताना साठ आणि सात, सिक्स्टी आणि सिक्स्टीन यांत हमखास गल्लत होते. टार्गेटमधून विक्री वजा करून सांगितलेली तूट येते का ते लगेच बघा. येत नसेल तर तेवढा भाग पुन्हा ऐका.

त्यानंतर मॅनेजर कोणत्या हिशेबाने बोलतोय ते पकडा. समजा कोल्हापूरवाला म्हणाला, "सर, ९२ टक्के झालंय." विक्री ४६ लाख आहे. पण मूळ टार्गेट ६० लाखांचे होते, मध्येच ते ५० केले गेले. ५० वर ९२ टक्के होतात, ६० वर जेमतेम ७७. दोन्ही टार्गेट लिहा आणि तूट कोणत्या टार्गेटवर काढली तेही लिहा. असाच घोळ प्रायमरी-सेकंडरीत होतो. टार्गेट प्रायमरीचे, म्हणजे कंपनीने स्टॉकिस्टला केलेल्या बिलिंगचे असते. अडचणीत आलेला मॅनेजर मात्र सेकंडरीचा, म्हणजे स्टॉकिस्टकडून दुकानांत गेलेल्या मालाचा आकडा सांगतो. तो आकडा चुकीचा नसतो, पण त्यातून तूट काढता येत नाही.

खरी काळजी कारणांची घ्यायची. नाशिकचे टार्गेट ८० लाख, विक्री ६८, तूट १२ लाख. मॅनेजर म्हणाला, मालेगावच्या स्टॉकिस्टकडे जुना माल पडून होता म्हणून ५ लाखांचे बिल थांबले, आणि स्कीमचे सर्क्युलर उशिरा, १८ तारखेला आले त्यात ३ लाख गेले. म्हणजे ८ लाखांचा हिशेब मिळाला. उरलेल्या ४ लाखांपुढे "कारण सांगितले नाही" असेच लिहा. तुम्हाला कारण माहीत असले तरी ते त्या रकान्यात घालू नका, कारण पुढच्या महिन्यात त्या ओळीवरून जाब मॅनेजरला विचारला जाणार आहे.

कारण आधी कोणाच्या तोंडून आले तेही ऐका. साहेबच विचारतात, "पाऊस नडला ना?" आणि पलीकडून "हो सर" येते. ते मॅनेजरने दिलेले कारण नव्हे. "साहेबांनी विचारले, मॅनेजरने होकार दिला" एवढेच नोंदवा. प्रत्येक कारणापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ टाका, म्हणजे कोणी "मी असं म्हणालोच नाही" म्हटले तर तेवढाच तुकडा ऐकवता येतो.

पान वर पाठवण्याआधी ज्याची त्याची ओळ त्या त्या मॅनेजरला दाखवा. आकड्यातली चूक दाखवली तर बिलिंगशी ताडून दुरुस्त करा. कारण बदलायला सांगितले तर आधीचे तसेच ठेवा आणि नवे शेजारी "बैठकीनंतर सांगितले" म्हणून लिहा.