लाटे कॉफीसाठी दूध वाफवताना फेस का बसतो?

प्रश्न : घरच्या मशीनवर दूध वाफवलं की जगमध्ये फेस छान दिसतो, पण कपात ओतेपर्यंत वर जाड थर आणि खाली नुसतं पातळ दूध राहतं. तापमान चुकतंय का?

बहुतेक वेळा गडबड तापमानाची नसते, हवा कधी घेतली याची असते.

साडेतीनशे मिलीचा जग घ्या आणि त्यात फ्रिजमधलं थंड, १८० मिलीच्या आसपास दूध घाला. वाफेची नळी आधी क्षणभर रिकामी सोडा, नाहीतर तिच्यात साठलेलं पाणी दुधात जातं. मग नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली धरा. कागद फाटल्यासारखा हलका, तुटक आवाज आला की हवा आत जाते आहे. यालाच स्ट्रेचिंग म्हणतात. लाटेला दूध पाचव्या हिश्श्याने वाढलं तरी पुरे. जगाचा थंडपणा हाताला जाणवेनासा झाला, म्हणजे साधारण ३५ अंश आले, की हवा बंद. टोक थोडं खाली न्या, जग जरा तिरका करून नळी मध्यापासून बाजूला ठेवा आणि दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात ते या फिरण्यात, म्हणून हवा लवकर घ्यायची. शेवटी घेतलेल्या हवेला बारीक व्हायला वेळच मिळत नाही. तुमचा जाड थर बहुधा तोच.

६० अंशांच्या आसपास वाफ बंद करा. त्यानंतरही दूध दोनतीन अंश चढतं. जग धरवत नाही इतका तापला, की थांबायची वेळ झाली समजा. ७० च्या वर गेल्यास प्रथिनं बिघडतात, उकळल्या दुधाचा वास येतो, फेसही कोरडा होतो.

आता फेस बसण्याबद्दल. बुडबुड्यांभोवती प्रथिनांचा पातळ पडदा असतो. त्यांच्यामधलं दूध गुरुत्वाकर्षणाने खाली निथळतं आणि लहान बुडबुड्यांतली हवा मोठ्यांत शिरते. हे कुणालाच थांबवता येत नाही. म्हणून वाफ बंद केल्यावर जग ओट्यावर एकदा आपटा, गोल फिरवत राहा आणि लगेच ओता. एस्प्रेसो आधी काढून ठेवलेली बरी, दुधाने वाट बघायला नको.

हे सगळं नीट करूनही फेस चुरचुर आवाज करत मिनिटभरात विरत असेल, तर दुधावर संशय घ्या. जुन्या किंवा बराच वेळ उन्हातान्हात राहिलेल्या दुधात चरबी तुटून मोकळी आम्लं तयार होतात. ती प्रथिनांना बुडबुड्यांवरून हटवतात. चव अजून नासलेली वाटत नसली, तरी फेस टिकत नाही. आपल्याकडे पिशवीचं दूध घरी आणून उकळायची सवय आहे, पण त्यातल्या सायीच्या बारीक गुठळ्याही बुडबुडे फोडतात. पाश्चराइझ्ड दूध न उकळता, ताजंच वापरा. खात्री करायची असेल तर एकदा टेट्रापॅकमधलं दूध त्याच पद्धतीने वाफवून बघा. त्याचा फेस टिकला तर हात बरोबर आहे, दूधवाला बदला.