निव्वळ जडत्व परिबल: भोक भरलेले असताना वजा कशाला?

विचारणा: «नागपूरच्या एका तंत्रनिकेतनातल्या मुलांसाठी प्लेट गर्डरची टिपणे मराठीत करतोय. ‘नेट मोमेंट ऑफ इनर्शिया’ला ‘निव्वळ जडत्व परिबल’ म्हटले तर चालेल का? आणि ‘रिव्हेटची भोके वजा करून’ एवढे लिहिले की पुरे का? भोक तर रिव्हेटने भरलेले असते, मग वजा कशाला?»

‘निव्वळ’ चालेल. ‘ग्रॉस’साठी ‘ढोबळ’ घ्या म्हणजे जोडी जमते. ‘परिबल’ की ‘आघूर्ण’ यावर वाद घालणारे भेटतील; टिपणात कुठलाही एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. साइटवर आणि ऑफिसात माणसे नुसते ‘आय’ म्हणतात, तेही कंसाशिवाय एकदा सांगून टाका.

अडचण ‘वजा’ या शब्दात आहे. कळमन्याच्या बाजारात ढोबळ वजनातून बारदाना वजा केला की निव्वळ वजन निघते. मुले हाच अर्थ मनात धरतात आणि भोकाचे क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या किती टक्के, तेवढे टक्के ‘आय’मधून कापतात. पण ‘आय’मध्ये प्रत्येक तुकडा मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने मोजला जातो, आणि भोके नेमकी सर्वांत लांब, फ्लँजमध्ये असतात. त्यामुळे जितके लोखंड जाते त्याहून जास्त ‘आय’ जातो.

एक गर्डर घेऊन बघू. वेब प्लेट 1000 × 10 मिमी, वर-खाली मिळून चार अँगल 100 × 100 × 10, आणि प्रत्येक फ्लँजला 300 × 16 ची एकेक प्लेट. अँगलच्या पाठी वेबच्या कडेच्या 5 मिमी बाहेर ठेवतात, म्हणजे वेबची कड थोडी वाकडी कापली गेली तरी फ्लँज प्लेट अँगलवर सपाट बसते. म्हणून अँगलच्या पाठीपासून पाठीपर्यंत उंची 1010 मिमी धरायची, 1000 नव्हे.

वेबचा ‘आय’ 10 × 1000³ ÷ 12, म्हणजे 83,333 सेंमी⁴. एका अँगलचे क्षेत्रफळ 19.03 सेंमी² आणि गुरुत्वमध्य पाठीपासून 28.4 मिमीवर, तो गर्डरच्या मध्यापासून 505 − 28.4 = 476.6 मिमीवर पडतो. अँगलचा स्वतःचा 177 सेंमी⁴ मिळवून चार अँगलचे 1,73,613. प्लेटचा मध्य 513 मिमीवर, म्हणून दोन प्लेटचे 2,52,663. सगळे मिळून ढोबळ ‘आय’ 5,09,609 सेंमी⁴. वेबमध्ये एक तृतीयांशाहून जास्त लोखंड आहे, पण ‘आय’मध्ये तिचा वाटा सोळा टक्क्यांचाच.

आता भोके. रिव्हेट 20 मिमीचा, पण वजा होतो भोकाचा व्यास. IS 800 च्या 1984 च्या आवृत्तीत 25 मिमीपर्यंतच्या रिव्हेटला 1.5 मिमी जास्त धरायला सांगितले होते, म्हणून 21.5. टिपणात ‘रिव्हेटचा व्यास’ लिहू नका, ‘भोकाचा व्यास’ लिहा. फ्लँजमध्ये वेबच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक, प्लेट आणि अँगल मिळून 26 मिमी जाडीतून; त्याचा मध्य 508 मिमीवर. वेबमधून आडवे जाणारे भोक अँगल-वेब-अँगल अशा 30 मिमी जाडीतून, अँगलच्या पाठीपासून 60 मिमीवर, म्हणजे मध्यापासून 445 मिमीवर. एका फ्लँजची भोके 28,852 आणि 12,773 मिळून 41,625 सेंमी⁴ खातात. भोकाचा स्वतःच्या मध्याभोवतीचा ‘आय’ इथे दहाच्याही आत आहे, तो सोडून दिला तरी चालतो.

दोन्ही फ्लँजमधून वजा केले तर उरतात 4,26,359. लोखंड सुमारे 13 टक्के गेले, ‘आय’ 16 टक्क्यांहून जास्त.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. दाबाच्या फ्लँजमध्ये रिव्हेट भोकात घट्ट बसलेला असतो, प्लेट त्याच्यावर दाबली जाते आणि दाब त्याच्यातून पुढे जातो. तिथे भरलेले भोक वजा करायचे कारण नाही. रिकामे राहिलेले असेल तर मात्र करायचे. ताणाच्या बाजूला प्लेट रिव्हेटपासून दूर ओढली जाते. रिव्हेट प्लेटला चिकटलेला नसतो, त्यामुळे भोकावरून ताण वाहून न्यायला दोन बाजूंचे लोखंडच उरते. म्हणून टिपणात ‘भोके वजा करून’ पुरे नाही, ‘ताणाच्या फ्लँजमधली भोके वजा करून’ असे हवे.

मग वर दोन्हीकडून का वजा केले? इथेच बहुतेकांची गफलत होते. फक्त ताणाकडून वजा केले तर ‘आय’ 4,67,984 येतो, आणि तो ताणाच्या कडेच्या अंतराने, 52.1 सेंमीने, भागला की सेक्शन मॉड्युलस 8982 सेंमी³. दिसायला बरे, पण एका बाजूचे लोखंड कमी केल्यावर गुरुत्वमध्य वर सरकतो, इथे 3.36 सेंमीने. ते धरले तर ताणाच्या कडेचे अंतर 55.46 होते, ‘आय’ आणखी थोडा उतरतो आणि मॉड्युलस 8386 वर येतो. म्हणजे अक्ष न सरकवता एकीकडूनच वजा करणारा गर्डरला सात टक्के जास्त बळकट ठरवतो. दोन्हीकडून वजा केले की अक्ष मध्यावरच राहतो आणि मॉड्युलस 8183 येतो: खऱ्याच्या जवळ, थोडा सुरक्षित बाजूला, आणि हिशोब निम्मा. सोयीसाठी केलेली ही वजाबाकी आहे, हे एका वाक्यात सांगा, नाहीतर दाबाच्या बाजूलाही भोक ‘निरुपयोगी’ असे मुले समजतील.

भोक गर्डरच्या काही ठिकाणीच असते, त्यामुळे उदासीन अक्ष प्रत्येक भोकापाशी उडी मारतो असेही नाही. म्हणून IS 800 च्या त्याच 1984 च्या आवृत्तीने ढोबळ ‘आय’ वापरणे पसंत केले आणि निघालेला ताण फ्लँजच्या ढोबळ व परिणामकारक क्षेत्रफळाच्या गुणोत्तराने वाढवायला सांगितला. आपल्या गर्डरात दोन अँगल आणि प्लेट मिळून 86.06 सेंमी², त्यांतली भोके काढून 70.58, गुणोत्तर 1.22. ढोबळ मॉड्युलस 9781 त्याने भागला की सुमारे 8020. वाट वेगळी, उत्तर 8183 च्या शेजारीच. निव्वळ ‘आय’ घ्यायलाही त्या आवृत्तीत मुभा होती.

उभे आणि आडवे रिव्हेट सहसा एकाआड एक मारतात, एकाच छेदात येत नाहीत. तेव्हा दोन्ही भोके एकदम वजा करणे ही सगळ्यात वाईट स्थिती झाली. फक्त फ्लँज प्लेटची भोके धरली तर मॉड्युलस 8674 मिळतो.

आणि टिपणात वाकाचा, म्हणजे डिफ्लेक्शनचा, हिशोब आला तर तिथे ‘निव्वळ’ लिहू नका. वाक सबंध लांबीवरच्या कडकपणावर ठरतो, भोकाच्या मोजक्या छेदांवर नाही. तिथे ढोबळ ‘आय’च घ्यायचा.