‘न फिरवल्याने’ इंग्रजीत कसं न्यायचं

प्रश्न: आजीकडून ऐकलेली कोडी परदेशातल्या भाचरांसाठी इंग्रजीत करतोय. ज्या कोड्याची सगळी मजा एका शब्दाच्या दोन-तीन अर्थांवर आहे, तिथे गंमत टिकवायची की खाली अर्थ समजावून सांगायचा?

उत्तर:

मी सोलापूरची, भाषांतराची छोटीमोठी कामं करते, आणि हाच घोळ मी एका कोड्यावर दोन-अडीच आठवडे घातलाय, त्यामुळे त्या एकाच कोड्याबद्दल सांगते. तुमच्या आजीनेही हे घातलेलं असणार बघा: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्याने.

इंग्रजीत जायच्या आधी हे मराठीत कसं उभं आहे ते नीट बघा, कारण मी ते न बघता सुरुवात केली आणि तिथेच वेळ गेला. फिरवणे हा शब्द तीन ठिकाणी तीन कामं करतो. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात लावला, पाणी सुकत आलं की ती उलटायची, हे एक फिरवणं. पानवाला टोपलीतली पानं काढून वरखाली करतो, खराब झालेली बाजूला काढतो, नाहीतर ओलाव्यात एकावर एक पडून ती काळी पडतात, हे दुसरं. आणि घोडा नुसता बांधून ठेवला, रोज बाहेर काढून चालवला-पळवला नाही, तर तो ऐन वेळी पाय रोवून उभा राहतो, हे तिसरं, आमच्या जिल्ह्यात अकलूजच्या घोडेबाजारात घोडा घेणारा आधी फिरवूनच बघतो.

आता यातली एक गोष्ट मला फार आवडते आणि ती भाषांतर करतानाच लक्षात आली. भाकरी ती, पान ते, घोडा तो. मराठीची तिन्ही लिंगं एका कोड्यात! म्हणजे उत्तर ‘फिरवली नाही’ दिलं तर ते फक्त भाकरीचं होतं, ‘फिरवला नाही’ म्हटलं तर घोड्याचं. म्हणून उत्तर ‘न फिरवल्याने’ असं येतं, ज्याला लिंगच नाही, तिघांना एकदम बसतं. हिंदीत हेच कोडं अमीर खुसरोच्या नावावर सांगतात, तिथे पान आणि घोडा दोन्ही पुल्लिंगी, म्हणून त्यांचं ‘फेरा न था’ सरळ चालून जातं. मराठीत भाकरी स्त्रीलिंगी आणि पानही नपुंसकलिंगी, म्हणून उत्तराला वळण घ्यावं लागलं. इंग्रजीत ही अडचणच नाही, तिथे क्रियापदाला लिंग नसतं, म्हणजे एक ओझं आपोआप उतरलं.

मग दुसरी पायरी, ही तुम्ही प्रत्येक कोड्याला करून बघा. शाळेत श्लेष शिकताना शब्दश्लेष आणि अर्थश्लेष असा फरक होता, आठवतो का? शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा ठेवला आणि श्लेष मोडला तर शब्दश्लेष, टिकला तर अर्थश्लेष. तसं इथे ‘न उलटल्याने’ ठेवून बघा. भाकरीला चालतं, पानाला चालतं, घोड्याला अजिबात नाही. म्हणजे गंमत फिरवणे या शब्दातच अडकलीय. पण त्याच वेळी हे पण बघा की तिन्ही अर्थ एकमेकांचे सख्खे आहेत, सगळ्यांच्या मुळाशी जागच्या जागी पडून राहू न देणं हे आहे, नुसता योगायोगाने सारखा उच्चार नाही. असे सख्खे अर्थ दुसऱ्या भाषेतही बरेचदा एकाच शब्दात सापडतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या तेलुगू मैत्रिणीला विचारलं तर ती लगेच म्हणाली, तिप्पलेदु, आणि तिघांना बसतं म्हणाली. एका मिनिटात काम झालं, मला हेवाच वाटला.

इंग्रजीत त्या जागी टर्न आहे. माझा पहिला खर्डा असा होता: व्हाय डिड द भाकरी बर्न, व्हाय डिड द लीफ रॉट, व्हाय डिड द हॉर्स स्टॉप? नोबडी टर्न्ड देम. कागदावर छान दिसतं. माझी मावसबहीण बाहेर असते, ती जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला मुलांना घेऊन आली होती, मोठा मुलगा दहा वर्षांचा, मराठी समजतं पण बोलत नाही. त्याच्यावर हे कोडं टाकलं आणि गप्प बसले. हे गप्प बसणं महत्त्वाचं आहे, कारण आपण लगेच समजवायला लागलो की कुठे अडलं ते कळतच नाही. त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला, पान म्हणजे कुठलं पान, झाडाचं? ते सडतं म्हणजे काय? दुसरा, उत्तर ऐकल्यावर, घोडा टर्न करायचा म्हणजे कसा, तोंड दुसरीकडे करायचं का?

हे दोन्ही प्रश्न एकाच जातीचे वाटतात पण नाहीयेत, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या फरकातच आहे. पहिला प्रश्न वस्तूबद्दल आहे. विड्याचं पान टोपलीत रचून ठेवतात, ते रोज वरखाली करावं लागतं, हे त्याला माहीतच नाही, आपल्याकडच्या पोराला ते कोपऱ्यावरच्या टपरीवर दिसतं. ही माहिती सांगायला काही हरकत नाही, उलट सांगायलाच पाहिजे, पण कोड्याच्या आधी. दुसरा प्रश्न शब्दाबद्दल आहे, म्हणजे टर्न हा शब्द घोड्यापर्यंत पोचतच नाहीये. तिथे तुम्ही खाली कितीही समजावून लिहा, की मराठीत फिरवणे म्हणजे व्यायाम देणे पण होतं वगैरे, पोरगं ‘ओ ओके’ म्हणेल आणि उठून जाईल. कोड्याचं उत्तर ऐकल्यावर ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारला पाहिजे, की अरे हे मला यायला हवं होतं. जो शब्द त्याच्या भाषेत ते काम करतच नाही तो त्याला कसा येणार होता? म्हणून वस्तू समजवा, श्लेष समजवू नका. श्लेष समजवायची वेळ आली तर कोडं दुरुस्त करा.

दुरुस्तीला मला दोन वाटा दिसल्या. एक घोडा ठेवायची. इंग्रजीत घोडेवाल्यांमध्ये टर्न आउट म्हणतात, म्हणजे घोड्याला तबेल्यातून मोकळ्या रानात सोडणं, आणि तसं न सोडलेला घोडा बिथरतो हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं. अर्थ अगदी जवळचा. पण भाकरीला टर्न ओव्हर लागतं आणि घोड्याला टर्न आउट, नुसत्या टर्न्डमध्ये तो आउट ऐकू येत नाही, आणि घोडे न पाळणाऱ्या पोराला तर नाहीच नाही. उत्तराला दोन शेपट्या लागल्या की एका शब्दाने तिघांना गाठायची मजा गेली.

दुसरी वाट म्हणजे घोडा सोडायचा आणि इंग्रजीत जे न फिरवल्याने अडतं ते आणायचं. किल्ली! व्हाय डिड द ब्रेड बर्न, व्हाय डिड द लीफ रॉट, व्हाय डिड द डोअर स्टे शट? अशी नाही चालली, कारण दार टर्न करत नाहीत, किल्ली करतात, उत्तर परत घसरतं. मग तिसरा प्रश्न बदलला, व्हाय डिड द की नॉट ओपन द डोअर, आणि उत्तर नोबडी टर्न्ड इट. हे तिघांना बसतं. इट एकवचनी ठेवलं, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ते वेगळं लावून बघता येतं, मराठीत ‘न फिरवल्याने’ जसं लागतं तसंच. घोडा गेल्याचं वाईट वाटलं, करपली-सडलं-अडला याची चालही गेली, पण त्या मुलाची धाकटी बहीण आहे आठ वर्षांची, तिला हे नवं घातलं. त्याआधी मावशीने तिला स्वयंपाकघरात बसवलं होतं, तव्यावरची भाकरी उलथन्याने फिरवताना दाखवली होती, आणि मी पानाच्या टोपलीबद्दल दोन वाक्यं सांगितली होती. तिसऱ्या प्रश्नाला ती ‘टर्न!’ म्हणून ओरडली. तिने स्वतः ओळखलं, मला उत्तर सांगावं लागलं नाही.

आता जिथे अर्थ सख्खे नसतात किंवा समोरच्या भाषेत भलतेच जोडलेले असतात, तिथे काय ते पण सांगते. संक्रांतीला तिळाचे लाडू वळताना आमच्यात एक घातलं गेलं: गालावर एकटा, लाडवात शेकडो, सांगा कोण? तीळ. इंग्रजीत गालावरच्या तिळाला मोल म्हणतात, आणि मोल म्हणजे जमीन उकरणारा एक छोटा प्राणी पण, त्यामुळे ‘गालावर गप्प बसतो, बागेत खड्डे करतो’ असं कोडं झटकन होतं, आणि ते चांगलं पण आहे. पण त्यात लाडू राहिला नाही, संक्रांत राहिली नाही. आमच्या समोर तेव्हा परातीत खरेखुरे तीळ होते, मुलं हाताने वळत होती, तिथे बागेतला प्राणी आणून काय करू? म्हणून ते मी इंग्रजीत केलंच नाही, मुलांना तीळ हा मराठी शब्दच दिला, गालाला बोट लावून एकदा आणि परातीत बोट घालून एकदा, आणि मग कोडं मराठीतच घातलं. चालतं असं. सगळी कोडी नेलीच पाहिजेत असं नाही, आणि इथे श्लेष समजवला पण नाही, शब्द आधी शिकवला, हे वेगळं काम आहे.

तुम्ही पुस्तिका किंवा पानं छापून पाठवणार असाल तर एवढं करा. वर दोन ओळीत वस्तू सांगा, भाकरी कशी भाजतात, पान कसं ठेवतात, पण त्या ओळींत टर्न हा शब्द चुकूनही येऊ देऊ नका, फ्लिप म्हणा, शफल म्हणा, नाहीतर उत्तर तिथेच फुटतं (माझ्या पहिल्या छापील पानावर हेच झालं होतं, मावसबहिणीने दाखवलं). मग इंग्रजी कोडं, उत्तर पान उलटल्यावर. आणि त्याच मागच्या पानावर, उत्तराच्या खाली, मूळ मराठी ओळ घोड्यासकट रोमन अक्षरात लिहा आणि एवढंच सांगा की आजीच्या कोड्यात किल्लीच्या जागी घोडा होता. का होता ते नका लिहू. मोठ्या मुलाने मला एका रात्री जेवताना स्वतःहून विचारलं, मग त्या घोड्याला नक्की काय करायला हवं होतं, आणि मावशीने त्याला तिच्या माहेरच्या टांग्याच्या घोड्याची गोष्ट सांगितली, मराठीत, अर्धा तास.