आडव्या व्हिडिओचं ४:५ करताय? आधी टायटल्स वेगळी काढा

सगळ्यात पहिलं म्हणजे टायटल्स लावून एक्सपोर्ट केलेली फाइल क्रॉप करू नका, नावाची पट्टी अर्धी कापली जाणारच. मूळ टाइमलाइनची कॉपी काढा, तिची साइज 1080x1350 करा आणि टायटल्स त्या नव्या फ्रेममध्ये परत बसवा, दोन्ही बाजूंना साधारण 80 पिक्सेल मोकळे सोडून. लांब ओळ असेल तर फॉन्ट बारीक करण्यापेक्षा दोन ओळी करा, मोबाईलवर वाचता येतं.

आता फ्रेमचं. 1920x1080 चं फुटेज 125% केलं की उंची बरोबर भरते, पण मूळ रुंदीतले फक्त 864 पिक्सेल दिसतात, म्हणजे निम्म्याहून कमी. समजा मुलाखतीत एक चेहरा डावीकडून 400 वर आणि दुसरा 1500 वर आहे, तर मध्ये 1100 चं अंतर, दोघं मावणारच नाहीत आणि सेंटर क्रॉप ठेवलात तर मधलं रिकामं टेबल दिसेल! अशा वेळी बोलणाऱ्यावर क्लिप कट करा आणि प्रत्येक तुकड्याची आडवी पोझिशन वेगळी ठेवा. नवीन लोक इथे कीफ्रेम लावून फ्रेम सरकवत बसतात, स्थिर शॉटमध्ये ते लगेच खटकतं. कीफ्रेम फक्त माणूस खरंच चालत असेल तेव्हाच, आणि तो ज्या दिशेला चाललाय तिकडे थोडी जास्त जागा सोडा.

दोघं एकत्र दिसायलाच हवेत असा शॉट पूर्ण रुंदीत ठेवा, वरखाली उरलेल्या पट्ट्यांत टायटल छान बसतं.